विहिरीत मृतदेह सापडल्यावर: इन्क्वेस्ट पंचनामा कसा होतो आणि त्यातून काय ठरते

विहिरीतून मृतदेह बाहेर काढला की काठावर जमलेल्या माणसांमध्ये तीन मते तयार होतात. कुणी म्हणते पाय घसरला, कुणी म्हणते जीव दिला, तर कुणी दबक्या आवाजात तिसरीच शक्यता बोलून दाखवते. पोलीस येतात, गावातल्या दोघांना पंच म्हणून बोलावतात आणि कागद भरायला सुरुवात करतात. हाच इन्क्वेस्ट पंचनामा. काही ठिकाणी त्याला मरणोत्तर पंचनामा म्हणतात. घरच्यांना त्या वेळी कशाचेच भान नसते आणि पंचांना बहुधा आपण कशावर सही करतो आहोत हेच ठाऊक नसते. हा लेख या दोघांसाठी आहे.

कायद्याचा आधार आधी सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 194 लागू आहे. त्याआधी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे, म्हणून जुन्या कागदांवर तो आकडा दिसतो. आत्महत्या, अपघात, यंत्राने किंवा जनावराने घेतलेला बळी, दुसऱ्याने केलेली हत्या किंवा कुणीतरी गुन्हा केला असावा अशी रास्त शंका येईल असा मृत्यू, यांपैकी कशाचीही खबर मिळाली की ठाणे अंमलदाराने लगेच कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे आणि मृतदेह असेल तिथे जायचे. तिथे परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर चौकशी करून मृत्यूच्या वरकरणी दिसणाऱ्या कारणाचा अहवाल तयार करायचा. अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडे, खरचटल्याच्या आणि इतर खुणा त्यात लिहायच्या आणि त्या कशाने झाल्या असाव्यात हेही नोंदवायचे. हा अहवाल 24 तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे.

यातला ‘वरकरणी’ हा शब्द लक्षात ठेवा. सगळा घोळ तो विसरल्यामुळे होतो.

पहिली पायरी: खबर

समजा, बेचाळीस वर्षांचा एक शेतकरी सकाळी सहाला मोटर चालू करायला म्हणून शेतात गेला. साडेनऊपर्यंत परतला नाही म्हणून भाऊ शोधत गेला. विहिरीच्या काठावर एक चप्पल पडलेली होती आणि मोटर बंद होती. गावकऱ्यांनी गळ टाकून शोध घेतला आणि अकराच्या सुमारास मृतदेह वर काढला. पोलीस पाटलांनी ठाण्यात फोन केला आणि सव्वाबाराला पोलीस पोहोचले.

आता भाऊ खबर देतो. त्यावरून ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. तिला क्रमांक आणि वर्ष असते आणि बोलताना सगळे तिला ए.डी. म्हणतात. हा क्रमांक लिहून ठेवा, कारण पुढे दवाखान्यात, प्रयोगशाळेत आणि तहसील कार्यालयात प्रत्येक जण तोच विचारतो. ए.डी. म्हणजे गुन्हा नव्हे. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केलेली ती नोंद आहे.

खबरीत काय सांगायचे? जे पाहिले तेवढेच. ‘सकाळी सहाला घरातून गेला, साडेनऊला विहिरीवर चप्पल दिसली, अकराला पाण्यातून मृतदेह काढला’ इतके पुरते. पण धक्क्यात असलेला माणूस, शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी बोलण्यावरून, ‘कर्जाला कंटाळून विहिरीत उडी मारली’ असे सांगून बसतो. उडी मारताना कुणी पाहिलेले नसते. तरी ते वाक्य खबरीतून पंचनाम्यात जाते, पंचनाम्यातून शवविच्छेदनाच्या मागणीपत्रात जाते आणि प्रत्येक कागदावर थोडे अधिक पक्के होते. उलटही घडते. बदनामी नको म्हणून घरचे ‘पाय घसरला’ असे ठामपणे सांगतात आणि खिशात सापडलेली चिठ्ठी बाजूला करतात. चिठ्ठी दडवणे म्हणजे पुरावा नाहीसा करणे. त्यातून घरच्यांवरच संशय येऊ शकतो. चिठ्ठी असेल तर ती हाताळू नका, पोलिसांना दाखवा. ते ती वेगळी जप्त करतात आणि अक्षर जुळवण्यासाठी मयताचे जुने लिखाण मागतात.

दुसरी पायरी: अंगावरच्या खुणा

पंचनाम्याच्या सुरुवातीला तारीख, सुरू केल्याची वेळ, पंचांची नावे-पत्ते आणि मृतदेह कुणी ओळखला हे येते. पुढे मृतदेह कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे, अंगावरचे कपडे, दागिने आणि खिशातल्या वस्तू लिहिल्या जातात. दागिने घरच्यांनी आधीच काढून घेतले असतील तर तसे सांगावे. नाहीतर पुढे ‘अंगावरचे सोने गेले कुठे’ हा प्रश्न निघतो आणि त्याला भलताच अर्थ लागतो.

खरे काम यानंतरचे आहे. डोक्यापासून पायापर्यंत, पुढून आणि पालथे करून मागूनही पाहायचे असते. आपल्या उदाहरणात चार गोष्टी दिसतात. कपाळावर उजवीकडे चार बाय दोन सेंटिमीटरचे लालसर खरचटलेले. डाव्या काखेजवळ शर्ट फाटलेला आणि त्याखाली कडा फिकट असलेली, रक्त न आलेली जखम. नाकातोंडाशी पांढरा बारीक फेस. पाठीवर निळसर-तांबडे मोठे डाग.

पाठीवरचे डाग पाहून नातेवाईक हमखास म्हणतात की याला मारले आहे. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात साकळते आणि असे डाग पडतात. मार लागल्याने आलेले वळ वेगळे असतात. तो फरक डॉक्टर कातडी छेदून पाहतात, कारण वळात रक्त पेशींमध्ये मुरलेले असते. पंचांनी निदान करायचे नाही. ‘पाठीवर निळसर डाग दिसतात’ एवढे लिहिले की त्यांचे काम झाले.

काखेतली जखम गळाची आहे. मृतदेह वर ओढताना गळ शर्टात आणि कातडीत रुतला. हे त्या वेळी तिथे असलेल्या सगळ्यांना माहीत असते, म्हणूनच कुणी सांगत नाही. मग पंचनाम्यात ‘डाव्या काखेत धारदार वस्तूची जखम’ असे येते आणि काही आठवड्यांनी तोच शब्द वाचून शस्त्राचा प्रश्न उभा राहतो. मृतदेह गळ टाकून काढला, दोराने बांधला, शिडीवर घासला, यातले जे केले असेल ते पंचनाम्यात लिहायला लावा. गळ टाकणाऱ्याचे नावही त्यात येऊ द्या. विहिरीच्या प्रकरणातली सगळ्यात जास्त सुटणारी नोंद हीच आहे.

बारीक, चिकट, पुसला तरी पुन्हा येणारा फेस बुडून मरण आल्याकडे बोट दाखवतो, पण तो निर्णायक नसतो. शेतात फवारायच्या काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही तोंडाला फेस येतो. म्हणून फेसाबरोबर औषधासारखा वास येतो का, काठावर किंवा मोटरच्या खोलीत बाटली आहे का, हेही पाहून लिहायचे. वास आला नाही तर ‘वास येत नाही’ अशीही नोंद हवी. तळहात-तळपायांची कातडी सुरकुतून पांढरी पडलेली असते. पण मेल्यावर पाण्यात टाकलेल्या शरीराचीही ती तशीच होते, त्यामुळे तिच्यावरून बुडूनच मेला असे म्हणता येत नाही. मुठीत मात्र शेवाळ, गवत किंवा चिखल घट्ट पकडलेला असेल तर ती मोलाची खूण आहे, कारण पाण्यात पडला तेव्हा माणूस जिवंत होता असे त्यावरून म्हणता येते. म्हणून मूठ उघडून धुऊ नका. तोंड पुसणे, कपडे बदलणे, हळद-कुंकू लावणे हे सगळे शवविच्छेदनानंतर.

तिसरी पायरी: जागा

मृतदेहाचा पंचनामा आणि घटनास्थळाचा पंचनामा हे दोन वेगळे कागद आहेत. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर ते दोन वेगवेगळी ठाणीही करू शकतात. दवाखान्याच्या हद्दीतले पोलीस मृतदेहाचा पंचनामा करतात, शून्य क्रमांकाने नोंद घेतात आणि कागद मूळ ठाण्याकडे पाठवतात. घटनास्थळ मूळ ठाणे पाहते. या हस्तांतरात दोन-चार दिवस गेले तर जागा बदललेली असते. अशा वेळी मूळ ठाण्याला त्याच दिवशी लेखी कळवणे फायद्याचे ठरते.

विहिरीवर काय पाहायचे? विहीर किती खोल, त्यात पाणी किती, कठडा आहे की नाही आणि असला तर किती उंच. आपल्या उदाहरणात विहीर 45 फूट खोल आहे, पाणी 18 फूट आहे आणि मोटरच्या बाजूला कठडा नाही. तिथे ओल्या मातीत घसरल्याची सुमारे दोन फूट लांब रेघ आहे. एक चप्पल काठावर उलटी पडली आहे, दुसरी पाण्यात तरंगताना मिळाली. विहिरीच्या आतल्या बाजूला दहा फुटांवर बाहेर आलेला दगड आहे आणि कपाळावरची जखम त्याच्याशी जुळू शकते. मोटरच्या पाइपाला बांधलेला दोर अर्धवट सुटलेला आहे. चपला शेजारी-शेजारी नीट काढलेल्या असत्या, मोबाइल आणि पाकीट त्यांच्यावर ठेवलेले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. काठावर दोघातिघांच्या झटापटीच्या खुणा असत्या तर आणखी वेगळे. यातली एकही खूण एकटी काही सिद्ध करत नाही, पण एखाद्या पावसाने त्या सगळ्या जातात, म्हणून फोटो आणि मापे त्याच दिवशी हवीत.

विहिरीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन सीलबंद करायला लावा. डॉक्टर छातीचे हाड राखून ठेवतात आणि प्रयोगशाळा त्यात डायटम शोधते. डायटम म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवाले. रक्ताभिसरण चालू असताना पाणी फुफ्फुसात गेले तरच ती हाडातल्या मगजापर्यंत पोहोचतात, असा या चाचणीचा आधार आहे. हाडातले डायटम त्याच विहिरीतल्या डायटमशी जुळवायचे तर विहिरीचे पाणी हवेच. नमुना घ्यायचा राहिला तर तुलना कशाशी करणार?

पंचांची सही

पंचनामा मराठीत असतो. तो वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या. संपल्याची वेळ लिहिली आहे का पाहा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. शेवटी ‘आम्हा पंचांच्या मते’ असे एक वाक्य असते, तिथे सगळ्यात जास्त काळजी घ्या. ‘पाण्यात बुडून मृत्यू झाला असावा, नक्की कारण समजण्यासाठी शवविच्छेदन व्हावे’ हे योग्य मत आहे. ‘आत्महत्या केली आहे’ हे दोन तासांत कुणालाच ठरवता येत नाही. कायदा सांगतो की अहवालावर अधिकाऱ्याची आणि जितके पंच सहमत असतील तितक्यांची सही असावी. म्हणजे असहमत राहण्याचा हक्क पंचाला आहे.

जबाब ही गोष्ट वेगळी. पोलीस घरच्यांना आणि माहीतगारांना कलम 195 खाली बोलावून विचारू शकतात. पंधरा वर्षांखालील मुले, साठीच्या पुढचे पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. पंचनाम्यावर सही लागते, पण पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते.

शवविच्छेदन कधी टाळता येत नाही

मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असली किंवा अधिकाऱ्याला गरज वाटली की मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला जातो. त्याला नातेवाइकांची संमती लागत नाही. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत स्त्रीने आत्महत्या केली असेल, संशयास्पद स्थितीत तिचा मृत्यू झाला असेल किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली असेल, तर शवविच्छेदन बंधनकारक आहे. यातल्या पहिल्या दोन प्रकारांत दंडाधिकाऱ्यानेही चौकशी करायची असते. म्हणून तिथे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येईपर्यंत थांबावे लागते. माहेरच्यांनी त्यांच्यासमोर काय ते सांगावे, आणि लेखी द्यावे. कोठडीतला मृत्यू न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो, ती वाट पूर्ण वेगळी आहे.

मृतदेह दुपारी उशिरा पोहोचला तर ‘उद्या सकाळी’ हे उत्तर मिळेल. नोव्हेंबर 2021 पासून सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करता येते. पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, रात्री करायची नाहीत असा केंद्राचाच निर्णय आहे. उशिरामागे काही काळेबेरे आहे असे लगेच समजू नका.

मृतदेहाबरोबर पोलीस मागणीपत्र आणि इन्क्वेस्ट पंचनाम्याची प्रत देतात. डॉक्टर आधी ते वाचतात. पंचनाम्यात दोन जखमा आणि डॉक्टरांना पाच दिसल्या, तर तो फरक पुढे वकील बोट ठेवून दाखवतो. पण पंच आणि हवालदार डॉक्टर नसतात, त्यामुळे फरक असला की संशय खराच असे होत नाही.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर लिहितील, ‘पाण्यात बुडून श्वास कोंडल्याने मृत्यू’. किंवा विषाची शंका वाटली तर कारण राखून ठेवतील आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी राखलेले पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे पाठवतील. बुडणे हे मृत्यूचे वैद्यकीय कारण झाले. पडला, उडी मारली की ढकलला, हे शरीर सहसा सांगत नाही. ते जागेवरून, जबाबांवरून, मोबाइलच्या नोंदींवरून आणि कर्ज, आजार, भांडण यांच्या माहितीवरून ठरते. म्हणून पहिल्या दिवशीच्या कागदात जागेची नोंद कच्ची राहिली तर उत्तम शवविच्छेदनही ती उणीव भरून काढू शकत नाही.

अहवाल काय ठरवतो, काय नाही

इन्क्वेस्ट अहवाल गुन्हेगार ठरवत नाही. 1975 च्या पोड्डा नारायण खटल्यात आणि 2006 च्या राधा मोहन सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. कुणी मारले, कोणत्या परिस्थितीत मारले, कुणी पाहिले हा तपशील त्यात असावाच लागत नाही. आरोपीचे नाव पंचनाम्यात नाही म्हणून खटला कोसळत नाही. अधिकाऱ्याने स्वतः जे पाहिले त्यापुरती त्याची साक्ष धरली जाते. दुसऱ्याने त्याला जे सांगितले ते त्या कागदात आले म्हणून सिद्ध होत नाही.

तो प्रत्यक्षात ठरवतो ते एवढेच: मृत्यू वरकरणी कोणत्या प्रकारचा आहे, शवविच्छेदनाला पाठवायचे का, आणि पुढे गुन्हा नोंदवण्याइतके काही दिसते का. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर ए.डी. चौकशी संपण्याची वाट न पाहता एफ.आय.आर. नोंदवायला हवा. आत्महत्येस प्रवृत्त केल्याची, हुंड्यासाठी छळाची किंवा घातपाताची तक्रार असेल तर ती वेगळी, लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

पैशाच्या बाजूने या कागदाचे वजन मोठे आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूवर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतही 2 लाखच आहेत. दोन्हीकडे आत्महत्या बसत नाही. दावा तपासणारा माणूस खबर, पंचनामे आणि शवविच्छेदन अहवाल वाचतो. आपल्या उदाहरणात कठडा नसणे, घसरल्याची रेघ, पाण्यातली चप्पल आणि दगडाशी जुळणारी जखम लिहिलेली असेल, तर अपघाताची बाजू कागदावर उभी राहते. भावाने घाईत ‘उडी मारली’ म्हटले असेल तर त्याच्याशीच झगडावे लागते. तसे झालेच असेल, तर खाडाखोड करायला लावू नका. पुरवणी जबाब द्या आणि ते आपण पाहिले नव्हते, ऐकीव होते, हे त्यात स्पष्ट सांगा. सर्पदंश किंवा वीज पडल्याच्या मृत्यूत ‘चिरफाड नको’ म्हणून शवविच्छेदन टाळणाऱ्या कुटुंबांना याच टप्प्यावर हात हलवत परतावे लागू शकते.

शेवटचा कागद

चौकशी पूर्ण झाल्यावर पोलीस अंतिम अहवाल कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे पाठवतात, त्याला ए.डी. समरी म्हणतात. गावात हे काम तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयातून होते, आयुक्तालय असलेल्या शहरात हे अधिकार पोलीस खात्यातल्याच वरिष्ठांकडे असतात. अडकते ते बहुतेक वेळा व्हिसेऱ्यापाशी. बरण्या कधी दवाखान्यातच पडून राहतात, कधी ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत. म्हणून ‘रिपोर्ट आला का’ असे विचारण्यापेक्षा ‘व्हिसेरा प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला जमा केला, जावक क्रमांक काय’ असे विचारा. क्रमांक सांगता आला नाही तर तो गेलेलाच नाही, असे समजून लेखी अर्ज द्या.

खबर, दोन्ही पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आणि मंजूर समरी, या सगळ्यांच्या प्रती वारसाने अर्ज करून घ्याव्यात. समरीत ‘अपघाती’ आणि एखाद्या आधीच्या कागदात ‘आत्महत्या’ असा मेळ नसेल तर दाव्यासोबत समरीची प्रत सगळ्यात वर लावा, कारण पहिल्या दिवशीचे मत प्राथमिक होते आणि चौकशीअंतीचा निष्कर्ष समरीत असतो. समरी मंजूर झाल्यावर नवा पुरावा पुढे आला, तर त्यावरून गुन्हा नोंदवायला बंद झालेली ए.डी. आड येत नाही. मृतदेह पुरलेला असेल आणि कारण पुन्हा तपासण्याची गरज दाखवता आली, तर दंडाधिकारी तो उकरून तपासण्याचा आदेश देऊ शकतात.